पुलाच्या पाइल्सवर जमिनीचा रेटा आणि भूकंपाचा जडत्वभार एकत्र घ्यावा का? मदत हवी आहे

आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या काठावर पुलाचं डिझाइन चालू आहे. काठाचा उतार जेमतेम 2 टक्के, पण भूकंपात द्रवीभवन झालं की जमीन नदीकडे सरकणार. वर 3 मीटर घट्ट गाळमाती, खाली 6 मीटर सैल वाळू, मग दाट वाळू. पाण्याची पातळी 3 मीटरवर. पाइल 1.2 मीटर व्यासाचे, दाट वाळूत रुतवलेले.

जपानी रस्तेपुलांच्या पद्धतीने भार काढला: वरच्या थराचा पूर्ण पॅसिव्ह दाब, द्रवलेल्या वाळूत एकूण उभ्या दाबाच्या 30 टक्के. 8 मीटर रुंद अबटमेंटवर वरचा थरच सुमारे 1,940 किलोन्यूटन रेटा देतो (घर्षणकोन 30 अंश, एकक वजन 18 किलोन्यूटन प्रति घनमीटर). म्हणजे खरा घात न द्रवलेली मातीच करते! सर्वाधिक मोमेंट सैल वाळूच्या तळाशी येतो.

दगडी स्तंभ तपासले, पण काठाशी जागा अपुरी आहे. पाइलचा व्यास वाढवला तर रेटाही वाढतो.

जपानी पद्धत या रेट्यासोबत जडत्वभार धरत नाही. कॅलिफोर्नियात निम्मा धरतात. लांब चालणाऱ्या कंपनांच्या जागी तुम्ही किती धरता, आणि कशाच्या आधारे?