व्हॅनवाल्याला पत्र: आकड्यानिशी मागणी

«वर्षाचे पैसे घेऊन व्हॅनवाल्यांनी डिसेंबरपासून गाडी बंद केली. पत्रात काय लिहू?»

मी गेल्या वर्षी असं लिहिलं: "काका, जून ते मार्च अशा १० महिन्यांचे १८,००० रुपये तुम्ही जूनमध्येच घेतलेत. १ डिसेंबरपासून गाडी आलेली नाही. उरलेल्या ४ महिन्यांचे ७,२०० रुपये १५ दिवसांत परत करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन."

रोज लेकीला सांभाळून नेणाऱ्या माणसाला हे लिहिताना हात जड झाला होता. पण रक्कम आणि मुदत मोघम ठेवू नका. पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत शाळेच्या परिवहन समितीला द्या. रोख दिले असतील, तर "पैसे मिळाले" हा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुसू नका.