मदत हवी आहे: प्लोटिनसच्या मते आत्मा देहात अडकलाय की नाही?

इजिप्तमधल्या नाग हम्मादीला 1945 साली सापडलेल्या ज्ञानवादी ग्रंथांपैकी ‘योहानाचे गुप्त पुस्तक’ वाचतोय. त्यात आदम निपचित पडलेला असतो. जग घडवणाऱ्या अज्ञानी यल्दाबाओथला फसवून आदमाच्या तोंडावर फुंकर मारायला लावतात आणि यल्दाबाओथला त्याच्या आईकडून, म्हणजे सोफियाकडून, आलेली शक्ती त्याच्यातून निघून आदमात जाते. आदम हलतो. दैवी ठिणगी देहात कशी अडकली, हे इथवर कळलं.

घोडं अडलंय प्लेटोला मानणाऱ्या तत्त्ववेत्त्या प्लोटिनसपाशी. प्लेटोच्या ‘तिमायस’मधला जग घडवणारा चांगला आहे, म्हणून प्लोटिनस त्याला वाईट ठरवणाऱ्या ज्ञानवाद्यांवर चिडतो, हे ठीक. पण तोच म्हणतो की आत्म्याचा एक अंश खाली उतरतच नाही, कायम वरच असतो. मग परतीची ओढ कोणाला? उतरलेल्या अंशाला, की ते नुसतं वरच्या अंशाकडे लक्ष वळवणं आहे? त्याच्या ‘एनिअड्स’चा चौथा भाग नीट वाचलेल्या कुणी समजावेल का?