कॅटचा निकाल आईवडिलांना समजावताना रँक सांगावी की नाही?

नंदिनी_क: भावाचा कॅट 2024 चा निकाल आलाय. व्हीएआरसी 98.60, डीआयएलआर 74.20, क्वान्ट 95.80, एकूण 96.40. बाबा म्हणतात, ‘96 टक्के म्हणजे अहमदाबाद नक्की, रँक किती ते सांग.’ आई म्हणते, ‘74 आहे म्हणजे एका विषयात कच्चा आहे.’ स्कोअरकार्डवर रँक कुठेच नाही. दोघांना काय सांगावं?

गणिती_सातारा: रँक काढून द्या, बाबांचं समाधान होईल. 2024 साली सुमारे 2.93 लाख जणांनी परीक्षा दिली. 100 मधून 96.40 वजा केले की 3.60 उरतात. 2.93 लाखांचे 3.6 टक्के म्हणजे साधारण 10,550. म्हणजे त्याच्या पुढे साडेदहा हजार मुलं आहेत. नोंदणी 3.29 लाखांची होती, पण तो आकडा धरू नका. पर्सेंटाइल फक्त परीक्षेला बसलेल्यांमधून काढतात.

हे ऐकलं की ‘96 टक्के गुण’ हा गैरसमज एका फटक्यात जातो. बोर्डाच्या निकालाची सवय असलेल्या माणसाला पर्सेंटाइलपेक्षा ‘तुझ्यापुढे किती’ हे लवकर कळतं.

प्रवेशवाला: आकडेमोड बरोबर आहे, पण ती घरी सांगायला माझा विरोध आहे. जेईईत रँकला अर्थ असतो, कारण पुढे एकच समुपदेशन असतं आणि जागा रँकच्या क्रमाने भरतात. कॅटनंतर तशी रांगच नाही. प्रत्येक आयआयएम आपली यादी स्वतंत्र लावते. काही नव्या आयआयएम मुलाखत एकत्र घेतात, पण तिथेही कॅटच्या रँकने जागा वाटत नाहीत. बाबांना 10,550 सांगितलं तर ते लगेच ‘एकूण जागा किती’ विचारतील आणि वजाबाकी करत बसतील. ती वजाबाकी कशालाच लागू पडत नाही.

सुलभा_पुणे: पण क्रमांक येतोच की. आमच्या मुलीच्या एमबीए सीईटीच्या वेळी गुणवत्ता यादीत राज्याचा क्रमांक आला होता, तो बघूनच आम्ही कॉलेजांचे पर्याय भरले. थोडे थांबा, कॅटचीही यादी लागेल.

प्रवेशवाला: सुलभाताई, तो क्रमांक राज्याच्या कॅप प्रवेशफेरीचा. सीईटी कक्ष एक यादी लावतो आणि सगळी कॉलेजं त्याच यादीवर भरतात, म्हणून तिथे क्रमांक कामाचा. आयआयएमसाठी अशी यादी कोणी लावत नाही, त्यामुळे वाट पाहू नका. संस्थांचे ईमेल आणि प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावरचं कॉल बघायचं पान रोज तपासा.

तुषार_ठाणे: आईंचा मुद्दा सोपा आहे. तिन्हींची सरासरी काढा: 98.60, 74.20 आणि 95.80 ची येते 89.53. कार्डावर एकूण 96.40 आहे, म्हणजे क्वान्ट आणि व्हीएआरसीला जास्त वजन दिलं असणार. त्यामुळे 74 चं फारसं नुकसान झालेलं नाही.

डीआयएलआर_शिकवते: नुकसान कमी झालं हे खरं, कारण मात्र ते नाही. एकूण पर्सेंटाइल काढताना कुठल्याच विभागाला जादा वजन नसतं. तिन्ही विभागांचे समायोजित गुण बेरजेत येतात आणि त्या बेरजेवर सगळ्यांचा क्रम लावतात. पर्सेंटाइल हे त्या क्रमातलं स्थान आहे. स्थानांची सरासरी काढून काही हाती लागत नाही.

म्हणून तिन्ही विभागांत 95 असलेल्याचं एकूण पर्सेंटाइल 95 पेक्षा बरंच वर जातं. एका विषयात चांगली मुलं पुष्कळ असतात, तिन्हींत सारखी चांगली थोडी.

आता आईंसाठी. डीआयएलआरमध्ये सेट असतात, एका सेटवर 4 किंवा 5 प्रश्न, प्रत्येकी 3 गुण. सेटची मांडणी एकदा जमली की त्यातले बहुतेक प्रश्न सुटतात, न जमली तर एकही नाही. त्यामुळे गुण 10–12 च्या उडीने वाढतात. 74 आणि 90 च्या मधलं अंतर बहुधा एका सेटचं असतं. 40 मिनिटांत एक चुकीचा सेट निवडला आणि त्यात 15 मिनिटं गेली की हेच होतं. त्याला ‘कच्चा’ म्हणू नका.

गणिती_सातारा: सहमत. उलट टोकाचं उदाहरण घरी चालेल: 2024 मध्ये 100 पर्सेंटाइल 14 जणांना होते. त्या 14 जणांना पैकीच्या पैकी पडले असा त्याचा अर्थ नाही. पर्सेंटाइल दोन दशांशांपर्यंत छापतात, 99.995 च्या वर गेलं की 100 दिसतं, आणि 2.93 लाखांत तेवढ्या वर साधारण 14 जणच मावतात.

प्रवेशवाला: हे छान आहे. पण नंदिनी, खरी अडचण 74.20 इथेच आहे, आणि ती बाबांना आधी सांगायला हवी. बऱ्याच संस्था एकूण पर्सेंटाइल बघण्याआधी प्रत्येक विभागात किमान किती हवेत ते बघतात. समजा एखाद्या संस्थेची अट तिन्ही विभागांत 80 आणि एकूण 85 अशी आहे. तुमच्या भावाचे एकूण 96.40 असूनही तो पहिल्याच चाळणीत बाहेर. त्याच संस्थेत 82, 84, 86 वाला मुलगा आत राहतो. बाबांना हा अन्याय वाटेल, पण नियम तोच आहे. विनंती करून सवलत मिळत नाही.

चाळणी पार केली म्हणजे बोलावणं आलं असंही नाही. छापलेली अट 85 असली तरी जुन्या आयआयएममध्ये खुल्या गटातून बोलावणं सहसा 98–99 च्या आसपास येतं. दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि कामाचा अनुभव मिळवून वेगळी बेरीज केली जाते.

सुलभा_पुणे: मग अट गटानुसार बदलते का? आमच्याकडे मराठा दाखला आहे, एसईबीसीचा.

प्रवेशवाला: पर्सेंटाइल सगळ्यांचं एकच, अट गटानुसार वेगळी. पण एसईबीसी हे राज्याचं आरक्षण आहे, आयआयएममध्ये ते चालत नाही. तिथे ओबीसीसाठीही केंद्राच्या यादीत जात असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्य यादीतल्या काही जाती केंद्राच्या यादीत नाहीत. अर्जात चुकीचा गट भरला की पुढे कागदपत्रं तपासताना निवड रद्द होते.

डीआयएलआर_शिकवते: नंदिनी, कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात भावाने अर्ज केलेल्या संस्थांची नावं, दुसऱ्यात प्रत्येकीची डीआयएलआरची अट, भावाचा गट बघून, तिसऱ्यात एकूण पर्सेंटाइलची. अटी प्रत्येक संस्थेच्या प्रवेशधोरणाच्या पीडीएफमध्ये असतात, आणि 2024 च्या कॅटसाठीचीच पीडीएफ हवी, कारण अटी दरवर्षी बदलू शकतात. जिथे डीआयएलआरला 75 किंवा जास्त मागितलेत तिथे रेघ मारा. उरलेली यादी बाबांसमोर ठेवा.

गणिती_सातारा: आणि त्या यादीशेजारी 10,550 सुद्धा लिहा. परीक्षा किती मोठी होती याचा अंदाज बापाला हवा असतो.

प्रवेशवाला: नका लिहू. लिहिलंत तर पुढचे दोन महिने घरात त्याच आकड्याची चर्चा होईल, मुलाखतीची तयारी बाजूला राहील.

नंदिनी_क: यादी करते. चार संस्थांवर रेघ आली, तीन उरल्या. रँकचं आईला विचारते आधी.