गाण्यातली ‘मज’ आणि ‘येशी’ बोलताना चालतात का?

>> ‘मी हिंदीभाषिक आहे, जुनी भावगीतं ऐकून मराठी शिकतेय, तीच वाक्यं बोलताना वापरली तर चालतील का?’

उच्चार आणि शब्दांसाठी बिनधास्त ऐका, पण क्रियापदं तिथून उचलू नका. माझी वहिनी लखनौची, ती पण अशीच शिकली आणि एकदा जेवताना सासऱ्यांना म्हणाली, ‘बाबा, मज पाणी देशी का?’ सगळ्यांना कळलं, पण बोलताना आपण ‘मला पाणी देता का’ म्हणतो. ‘मज’ बदलणं सोपं आहे हो, मला म्हटलं की झालं, खरी अडचण त्या ‘देशी’त आहे, कारण येशी, जाशी, देशी ही तू-ची रूपं बाई असो की पुरुष, सारखीच राहतात आणि बोलताना मात्र ‘तू येतोस’, ‘तू येतेस’ असा फरक करावाच लागतो, म्हणजे नुसत्या गाण्यावर शिकलात तर हा फरक कानावर पडतच नाही, शिवाय सासऱ्यांना तू-चं रूप गेलं ते वेगळंच.

दुसरं म्हणजे मनी, वनी, नयनी. यातला शेवटचा ‘ई’ म्हणजे ‘मध्ये’. घरी, दारी, रात्री, सकाळी आपण रोज बोलतो, त्यामुळे वाटतं कुठेही लावावा, पण ‘बाजारी’ नाही, बाजारात, आणि ऑफिसला तर ‘ऑफिसमध्ये’च.

मी वहिनीला एक सवय लावली, आवडलेली ओळ वहीत लिहायची आणि खाली तीच ओळ भाजीवाल्या मावशींशी बोलतोय अशी लिहायची, क्रियापद शेवटी नेऊन. जो शब्द बदलावा लागला तो गाण्याचा, उरलेले खुशाल वापरा.