ट्वीड, फ्लॅनेल, वर्स्टेड, गॅबर्डीन : चारही नुसतं ‘लोकरी कापड’च का?

शब्दवेडी
एक कथा मराठीत आणतेय, 1930 च्या आसपासचं एडिंबरा आहे. पहिल्याच प्रसंगात चार माणसं एकेक करून दिवाणखान्यात येतात आणि लेखिकेने त्यांची ओळख फक्त कपड्यांवरून करून दिलीय. जमीनदार ट्वीडच्या जाकिटात, त्याचा कॉलेजातला पुतण्या करड्या फ्लॅनेलच्या पँटीत, वकील वर्स्टेडच्या सुटात आणि बाहेरून आलेली नर्स गॅबर्डीनच्या कोटात. माझ्याकडच्या कोशात चारही शब्दांपुढे जवळपास एकच अर्थ, ‘एक प्रकारचे लोकरी कापड’. पण मग प्रसंगातला जीवच जातो ना, कारण इंग्रजी वाचकाला त्या कापडावरून माणूस कळतो. ही कापडं हाताला आणि डोळ्याला वेगळी कशी लागतात ते कोणी सांगेल का? आणि मराठीत काय लिहावं?

दर्जीपुत्र
आमचं टेलरिंगचं दुकान होतं त्यामुळे थोडं सांगू शकतो. फ्लॅनेल म्हणजे आपलं फलालीन, मऊ सुती कापड, लहान बाळांची झबली-दुपटी शिवतात ते, ते लोकरीचं नसतंच. गॅबर्डीन म्हणजे ज्याच्यावर तिरप्या रेघा दिसतात ते, सोपी खूण आहे. ट्वीड जाडंभरडं, टोचणारं. आणि वर्स्टेड म्हणजे भारीतली लोकर, बाकीच्यांपेक्षा वरची क्वालिटी, म्हणून वकिलाला दिलंय.

गिरणीवाला
ताई, मी लोकरीच्या गिरणीत फिनिशिंग खात्यात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळे आधी वीण बघतात पण सुरुवात विणीपासून केली की गोंधळ होतो, सुरुवात सुतापासून करायची. लोकरीचं सूत दोन वाटांनी होतं. एका वाटेत लोकर पिंजतात, तंतू आडवेतिडवे कसेही पडलेले, आखूड-लांब सगळे एकत्र, त्यालाच थोडा सैल पीळ देऊन सूत काढतात. हे सूत फुगीर असतं, अंगावर केसाळ लव असते, आत हवा धरून ठेवतं. आपली घोंगडी याच वाटेची. दुसऱ्या वाटेत लोकर विंचरतात, अगदी शब्दशः केस विंचरावेत तशी. आखूड तंतू बाजूला निघून जातात, लांब तेवढे राहतात आणि एकाच दिशेने समांतर बसतात, मग त्यांना घट्ट पीळ. हे सूत बारीक, गुळगुळीत, कडक. हेच वर्स्टेड. इंग्लंडात नॉरफोकमध्ये वर्स्टेड नावाचं गाव आहे, त्याच्यावरून नाव आलं.

म्हणजे दर्जीपुत्र म्हणतात तसा तो क्वालिटीचा शब्द नाही, साधं स्वस्त वर्स्टेडही असतं आणि पिंजलेल्या लोकरीचं महागडं कापडही असतं. आता तुमच्या चौघांत ट्वीड पिंजलेल्या सुताचं, वर्स्टेड आणि लोकरी गॅबर्डीन विंचरलेल्या सुताचं. फ्लॅनेल मूळचं पिंजलेल्याचं, पण विंचरलेल्या सुताचंही निघतं, ते पुढे सांगतो.

लीड्सकर
काकांना पूर्ण अनुमोदन. मी लीड्सला राहतो, इथून जवळ हडर्सफील्ड आहे, तिथल्या वर्स्टेडच्या किनारीवर गावाचं नाव विणलेलं असतं, सुटाचं कापड ताग्यातून कापून घेताना दिसतं. तिरप्या रेघांबद्दल एक सांगायचंय, तिरपी वीण तर ट्वीडलाही असते, सर्जलाही असते, जीन्सलाही असते. हेरिंगबोन म्हणतात तीसुद्धा तिरपीच वीण, फक्त मधेमधे दिशा उलटते. त्यामुळे नुसत्या रेघांवरून गॅबर्डीन ओळखता येणार नाही, रेघ किती चढी आहे ते बघायचं.

गिरणीवाला
बरोबर. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, एका इंचात सारखेच असले तर तिरपी रेघ 45 अंशाला जाते. सर्जचं तसं असतं. गॅबर्डीनमध्ये ताण्याचे धागे खूप दाटीने भरतात, बाण्याच्या जवळपास दुप्पट, आणि दुप्पट झाले की रेघ 63 अंशांच्या आसपास उभी होते. दाटीमुळे ती रेघ पृष्ठभागावर उठून येते, नख फिरवलं तर लागते. आणि कापड उलटं करून बघा, मागची बाजू बहुतेक वेळा सपाट दिसते. वीण एवढी गच्च की वारा आत येत नाही आणि पावसाचा थेंब लगेच मुरत नाही. थॉमस बर्बरीने बेसिंगस्टोकला 1879 मध्ये हे कापड काढलं तेच मुळी पावसासाठी, विणायच्या आधीच सुतावर पाणी अडवणारी प्रक्रिया करून. आमुंडसेन 1911 ला दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा त्याच्या सामानात बर्बरीचं गॅबर्डीन होतं.

पण या कापडाचा एक दोष आहे. ती उठलेली रेघ इस्त्रीखाली दबते आणि तिथे चकाकी येते, बसायच्या जागी आणि कोपरावर तर वापरानेच येते. वरून ओलसर सुती फडकं ठेवूनच इस्त्री करायची, एकदा चकाकी पक्की झाली की पुरती जात नाही.

पेटीतला कोट
विषय निघालाच आहे तर माझं विचारतो. आजोबांचा करडा कोट आहे, ते काही वर्षं बर्मिंगहॅमला होते तिथे शिवलेला. हात लावला तर मऊ, थोडी लव, वीण दिसतच नाही. पण कोपराजवळ लव झिजलीय आणि तिथे बारीक तिरपी वीण दिसते. खिशाजवळ कसरीने दोन भोकं पाडलीत. हे ट्वीड का? आणि रफू होईल का?

गिरणीवाला
रफूचं नंतर. आधी कोटाच्या आतल्या शिलाईत जास्तीचं कापड दुमडलेलं असेल तिथून एक उभा धागा आणि एक आडवा धागा सुईने अलगद ओढून काढा. दोन्ही चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवा म्हणजे उकलतील. तंतू कसे पडलेत ते पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, मग हळू ताणून बघा आणि इथे लिहा.

पेटीतला कोट
केलं. उभा धागा बारीक आहे, उकलल्यावर तंतू लांब आणि सरळ, ताणला तर चटकन तुटला नाही. आडवा मात्र फुगीर, उकलला तर नुसता गुंता, जरासा ताणला की कापसासारखा सुटून आला. दोन वेगळे धागे कसे काय??

गिरणीवाला
मग ते फ्लॅनेल आहे, आणि चांगलं आहे. उभ्याला विंचरलेलं सूत मजबुतीसाठी, आडव्याला पिंजलेलं सूत लव यायला. फ्लॅनेलची ओळख विणीत नाही, ती विणल्यानंतर होते. कापड साबणाच्या गरम पाण्यात चेचून आटवतात, त्याला आम्ही मिलिंग म्हणतो, तंतू एकमेकांत अडकतात, मग वरची लव उठवतात. त्यामुळे वीण झाकली जाते. साधी वीण असो वा तिरपी, फ्लॅनेल दोन्ही असू शकतं. कोपराला लव झिजून तुम्हाला खालची वीण दिसली ती याच्यामुळेच. ट्वीड असतं तर वीण पहिल्यापासून उघडी दिसली असती आणि करडा रंगही जवळून बघताना दोन-चार रंगांचा निघाला असता.

रफू फ्लॅनेलवर चांगलं लपतं कारण लव आहे. गुळगुळीत वर्स्टेडवर रफू लपवणं फार कठीण. आधी कोट उन्हात टाकून ब्रशने सगळ्या शिलाया झाडून घ्या, अळ्या तिथेच बसतात.

लीड्सकर
ट्वीडच्या रंगाचं मला फार आवडतं म्हणून लिहितो. लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळ्या रंगांची लोकर एकत्र पिंजून सूत काढतात, म्हणून लांबून जे शेवाळी हिरवं दिसतं त्यात जवळून बघितलं की पिवळा, गंजका, निळा, जांभळा सगळं सापडतं. हॅरिस ट्वीडला तर 1993 चा कायदाच आहे, लोकर रंगवणं आणि कातणं आउटर हेब्रिडीज बेटांवर व्हायला हवं आणि विणणं तिथल्या माणसांनी आपल्या घरीच करायला हवं. शब्दवेडी, जमीनदाराला ट्वीड दिलंय कारण ते रानावनात हिंडायचं, शिकारीचं कापड, काट्यात अडकलं तरी फाटत नाही, भुरभुर पावसात वरवर भिजलं तरी आत ऊब राहते. शहरात कामाला घालायचं नव्हे ते. वकील शहरातला म्हणून वर्स्टेड, त्याची इस्त्रीची घडी दिवसभर टिकते. पुतण्या मधला, फ्लॅनेलची पँट मऊ, सैल, संध्याकाळपर्यंत गुडघ्याला फुगे येतात.

दर्जीपुत्र
सूत बघायचं हे नवीन कळलं. पण सुती फ्लॅनेल असतंच की, माझा मुद्दा अगदीच चूक नाही. आणि आमच्याकडे गॅबर्डीन म्हणून जे यायचं ते तर टेरिकॉटच असायचं.

लीड्सकर
असतंच, पण तुम्ही 1930 च्या पुतण्याला दुपट्याच्या कापडाची पँट घालताय 🙂 त्या काळी क्रिकेटची पांढरी पँट पण लोकरी फ्लॅनेलचीच, तिला नुसतं फ्लॅनेल्सच म्हणायचे. टेरिकॉटचं खरंय, गॅबर्डीन हे विणीचं नाव झालंय, सूत कशाचंही असू शकतं.

शब्दवेडी
खूप मिळालं सगळ्यांकडून. मग आता नर्सच्या कोटाचं काय, तो लोकरी म्हणायचा का? ती आत येताना कोट झटकून खुंटीला लावते, बाहेर पाऊस आहे. आणि ऋतूचंही विचारायचं होतं, गोष्ट ऑक्टोबरात घडते, वकिलाला वर्स्टेडमध्ये थंडी नाही वाजणार?

गिरणीवाला
वर्स्टेड म्हणजे पातळच असं नाही. सैल साध्या विणीचं हलकं वर्स्टेड उन्हाळ्याचं, त्याच्यातून वारा खेळतो, आपल्याकडे त्याला ट्रॉपिकल म्हणायचे. तिरप्या विणीचं जड वर्स्टेड थंडीतही चालतं. फक्त त्याचा स्पर्श थंड असतो, अंगावर घातल्या घातल्या गार लागतं, कारण गुळगुळीत सूत हवा धरत नाही. फ्लॅनेल हात लावताच उबदार लागतं. तुमच्या वकिलाच्या तुटक स्वभावाला हे जुळत असेल तर ‘गुळगुळीत, गार कापडाचा सूट’ असं काहीतरी वाक्यात येऊ द्या.

लीड्सकर
नर्सचा कोट मी सुती धरेन. पावसाचे कोट बहुतेक सुती गॅबर्डीनचेच असायचे.

गिरणीवाला
मला तेवढी खात्री नाही देता येणार. नर्सांचे बाहेर घालायचे गडद निळे कोट लोकरी गॅबर्डीनचेही असायचे आणि दाट विणीमुळे पाऊस झटकला जातोच. मूळ मजकुरात कोट जड आहे, ओल्या लोकरीचा वास येतोय असं काही आहे का ते बघा. नसेल तर ‘लोकरी’ शब्द घालूच नका, नुसतं गॅबर्डीन लिहा.

शब्दवेडी
वासाबिसाचं काही नाही, शोधलं. मग ‘गॅबर्डीनचा घट्ट विणीचा कोट’ लिहिते. ट्वीडला ‘रानरंगी भरड ट्वीड’, वर्स्टेडला काकांनी सुचवलं तसं. पुतण्याला ‘फलालिनीची करडी पँट’ लिहावं असं मनात येतंय, शब्द जुना आहे आणि काळाला शोभतो.

पेटीतला कोट
फलालीन नको हो ताई. आमच्या आजीने खोकल्याला छातीवर तेल चोळून बांधलेला फलालिनीचा तुकडाच डोळ्यासमोर येतो.

दर्जीपुत्र
मला तर फलालीनच बरं वाटतं, फ्लॅनेल लिहिलं तर आजची पोरं चौकडीचा शर्ट समजतील.

गिरणीवाला
शर्टाचा धोका आहे खरा. ‘मऊ लवेची’ एवढं विशेषण लावलंत तर दोन्हीपैकी कुठलाही शब्द चालून जाईल, कोणता ते तुम्ही ठरवा. कोटवाले, रफूला देताना आतल्या शिलाईतलेच धागे वापरायला सांगा, बाहेरचं सूत रंगाला मिळालं तरी लव जुळत नाही.