मदत हवी आहे: स्लिपवर टीडीएस ३,६१२, रिबेट शून्य आणि वर्ष भलतंच

फौंड्रीवाला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला आहे. पगार महिना ६२,०००, हातात येतात ५६,३८८. इतकी वर्षं फक्त शेवटचा आकडा बघून स्लिप ड्रॉवरमध्ये टाकायचो. यंदा पोरीच्या क्लासची फी भरताना ओढाताण झाली म्हणून डिसेंबरची स्लिप नीट वाचली, तर खाली हे निघालं:

```
A.Y. 2026-27
Gross Salary          744000
Standard Deduction     50000
Professional Tax        2500
Deduction u/s 80C      45600
Taxable Income        645900
Rebate u/s 87A             0
Tax + Cess             43347
TDS per month           3612
```

आता मला पडलेले प्रश्न. आत्ता चालू आहे २०२५-२६, मग २०२६-२७ चा टॅक्स आतापासनं का कापतायत? बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं बजेटच्या वेळी सगळीकडं ऐकलं, मग माझ्या रिबेटच्या पुढं भोपळा का? आणि स्लिपच्या उजव्या बाजूला Deductions ५,६१२ लिहिलंय, खाली परत ४५,६००. यातलं खरं कुठलं?

रंकाळा_कट्टा

भावा, सरळ आहे. पुढच्या वर्षाचा टॅक्स आगाऊ कापतात, नंतर परत मिळतो. आणि रिबेटची मर्यादा यंदापासनं १२ लाख झाली हे बरोबर आहे. वर ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत काही नाही. कंपनीनं घोळ घातलाय, जाऊन भांडा.

जयसिंगपूरची_मावशी

माझ्याही ठेवीवर बँकेनं टीडीएस कापला होता ओ. मॅनेजरनं १५जी फॉर्म भरून घेतला, तेव्हापासनं बंद झालं. तुम्हीपण तोच भरून द्या की.

हिशेबनीस

मावशी, १५जी ठेवीच्या व्याजासारख्या उत्पन्नाला चालतो, पगाराला चालत नाही. तो कंपनीत दिला तर क्लार्क हसून परत देईल.

फौंड्रीवाले, मी गोकुळ शिरगावला बरीच वर्षं पगारपत्रकं केली, आता निवृत्त आहे. कंपनीशी भांडायच्या आधी एक सांगा. एप्रिलमध्ये टॅक्सचा पर्याय निवडायला काही कागद किंवा लिंक आली होती का?

फौंड्रीवाला

आली होती. शेजारच्या मशीनवरचा म्हणाला, "एलआयसी आहे न्हवं तुझी? मग जुनी पद्धत टाक, न्हायतर हप्ते वाया जातील." मी तसं टिक केलं.

हिशेबनीस

तिथंच गाडी अडकली. तुमच्या स्लिपवर स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० आहे ना, तीच खूण. नवीन पद्धतीत ते ७५,००० असतं, आणि व्यवसाय कर किंवा ८०सी वजा होत नाही. तुमच्याकडं तिन्ही जुन्याचं दिसतंय. म्हणजे कंपनीनं तुम्ही सांगितलं तसंच केलंय.

जुन्या पद्धतीत रिबेट करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तरच. तुमचं ६,४५,९०० आहे, म्हणून भोपळा. पहिल्या अडीच लाखांवर काही नाही, पुढच्या अडीच लाखांवर ५ टक्के म्हणजे १२,५००, आणि पाच लाखांच्या वरच्या १,४५,९०० वर २० टक्के म्हणजे २९,१८०. बेरीज ४१,६८०, वर ४ टक्के सेस, झाले ४३,३४७. भागिले बारा.

आता नवीन लावून बघा. ७,४४,००० मधून ७५,००० गेले, राहिले ६,६९,०००. चार लाखांपर्यंत शून्य, वरच्या २,६९,००० वर ५ टक्के, म्हणजे १३,४५०. टॅक्स असा आधी लागतो, मग रिबेट तो पुसून टाकतो. भरायचा टॅक्स शून्य. रिबेट म्हणजे लागलेल्या टॅक्समधली सूट, डिडक्शन म्हणजे टॅक्स लागायच्या आधी उत्पन्नातनं होणारी वजावट. हा फरक धरला की निम्मा गुंता सुटतो. हप्ते वाया जाण्याची भीती आकडा न मांडता घातलेली होती. जुन्या पद्धतीत पाचाच्या आत यायला तुम्हाला अजून १,४५,९०० ची वजावट लागली असती. गृहकर्जाचं व्याज मोठं असतं तर गोष्ट वेगळी.

उजवीकडचे ५,६१२ म्हणजे पगारातनं झालेली कपात: पीएफ १,८००, व्यवसाय कर २००, टीडीएस ३,६१२. शब्द तोच, पण खालच्या ४५,६०० शी त्याचा संबंध नाही. ती तुमची पीएफ आणि एलआयसी मिळून वर्षाची ८०सीची रक्कम असणार.

फौंड्रीवाला

हो, २१,६०० पीएफ आणि २४,००० एलआयसी. बरोब्बर जुळतंय. पण वर्षाचं काय?

हिशेबनीस

ते रंकाळा_कट्टा यांचं चुकलं. पुढच्या वर्षाचं आगाऊ काही कापत नाहीत. कमाई एप्रिल २०२५ ते मार्च २०२६, तिची तपासणी त्यानंतरच्या वर्षात, म्हणून असेसमेंट इयर २०२६-२७. टीडीएस याच वर्षाच्या पगारावरचा आहे.

पंचगंगा_पूर

एक भर घालतो. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा येतोय, त्यात असेसमेंट इयर हा शब्दच नाही, टॅक्स इयर आहे. एप्रिलच्या स्लिपवर Tax Year 2026-27 दिसेल आणि माणसं म्हणतील, हे तर गेल्याच वर्षी होतं! पण तो असेल एप्रिल २०२६ पासूनचा पगार. आकडा तोच, वर्ष वेगळं. रिटर्न भरताना याच्यात लई जण फसणार.

रंकाळा_कट्टा

चूक मान्य. पण मग नऊ महिन्यांचे ३२,५०८ गेलेच की.

हिशेबनीस

जात नाहीत. कापलेला पैसा सरकारकडं तुमच्या पॅनवर जमा असतो, कंपनीकडं नाही, म्हणून त्यांच्याकडनं परत मागू नका. पगारदाराला रिटर्न भरताना पद्धत नव्यानं निवडता येते. ३१ जुलैच्या आत नवीन पद्धतीनं रिटर्न भरा, रिफंड येईल. त्याआधी पोर्टलवर 26AS उघडून कापलेली रक्कम दिसते का बघा. पॅनमध्ये एक अक्षर चुकलेलं असेल तर ती तिथं येतच नाही, आणि मग मात्र कंपनीच्या दारात जावं लागतं.

फौंड्रीवाला

दोन दिवसांनी लिहितोय. 26AS मध्ये २१,६७२ च दिसतायत. घाम फुटला होता.

हिशेबनीस

३,६१२ गुणिले सहा. सप्टेंबरपर्यंतचं आलंय. ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरण कंपनीला ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, त्यानंतर परत बघा.

फौंड्रीवाला

बरं. आज एचआरलापण भेटलो. मॅडम म्हणाल्या, वर्षाच्या मधे पद्धत बदलता येत नाही, सॉफ्टवेअर लॉक आहे. अकाउंट्सचे काका म्हणाले, मार्चच्या पगाराआधी अर्ज द्या, बघू. दोघंही एकाच टेबलावर बसतात! उरलेल्या तीन महिन्यांचे १०,८३६ थांबले असते तर फीचा प्रश्न मिटला असता.

पंचगंगा_पूर

आमच्या कंपनीत गेल्या वर्षी जानेवारीत बदलून दिलं होतं. मित्राच्या कंपनीत नाही दिलं. ते कंपनीकंपनीवर आहे.

हिशेबनीस

अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ऐकलं तर बरं, नाहीतर तेही १०,८३६ रिफंडमध्येच येतील, फक्त उशिरा. आणि एप्रिलची लिंक आली की शेजारच्या मशीनला विचारू नका.

जयसिंगपूरची_मावशी

माझ्या ठेवीचं कुणी सांगितलंच नाही. त्या बँकेनं आधी कापलेले पण असेच येतील का?