प्रतिसाद: एक्सपोर्ट केलेली चॅट फाइल आणि तिचा पुरावा

> "सुपरवायझरने रात्री ओव्हरटाइमला बोलावल्याचे मेसेज आहेत, चॅट एक्सपोर्ट करून ठेवली, आता काळजी नाही."

काळजी आहे. व्हॉट्सॲपची एक्सपोर्ट ही साधी `.txt` फाइल असते, नोटपॅडमध्ये कुणीही बदलू शकेल अशी. शिवाय तिच्यात पाठवणाऱ्याचे नाव तुमच्या फोनमध्ये सेव्ह असेल तसेच येते. उद्या दुसऱ्याच कुणाचा नंबर 'साहेब' म्हणून सेव्ह करून एक्सपोर्ट काढली, तर मेसेज साहेबांचेच दिसतील. म्हणून कॉन्टॅक्टचा नंबर दिसणारा स्क्रीनशॉट सोबत ठेवा आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी अक्षर-अंकांची खूण, त्याच दिवशी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये काढा:

```
certutil -hashfile chat.txt SHA256
```

हॅशने एवढेच ठरते की त्यानंतर फाइल बदललेली नाही. आधी बदलली होती का, ते नाही. खरा आधार मूळ फोन, त्यामुळे निकाल लागेपर्यंत तो विकू किंवा रीसेट करू नका. खातेनिहाय चौकशीत पुरावा कायदा काटेकोर लागू होत नाही, तिथे प्रिंटआउट बहुधा चालून जाते. कोर्टात मात्र फोन हजर न करता प्रत दिली, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते. त्यात हॅश लिहावा लागतो आणि भाग ब वर तज्ज्ञाची सही असते.